गोळी पोटाला का लागते?

"रिकाम्या पोटी घेऊ नकोस, आधी काहीतरी खा." दुखण्याची गोळी घ्यायची म्हटलं की घरात हे वाक्य येतंच. मग घाईघाईत चहाबरोबर दोन बिस्किटं पोटात जातात आणि त्यावर ब्रुफेन किंवा कॉम्बिफ्लॅम. यामागचा समज साधा आहे: गोळी जठरात पडते, विरघळते, तिथे झोंबते, मध्ये अन्न असलं की झोंबत नाही. यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. या जातीची औषधं शिरेतून दिली किंवा गुदद्वारातून दिली, म्हणजे जठरात गोळी पडलीच नाही, तरी जठराला व्रण होऊ शकतात. याचा अर्थ खरा मार वरून बसत नाही. तो आतून, रक्तातून येतो. आणि तो कसा येतो हे कळलं, की बिस्किटांनी नक्की किती राखण होते तेही कळतं.

आयबुप्रोफेनचा जन्मच मुळी पोटाच्या तक्रारीतून झाला. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला बूट्स नावाची औषध कंपनी होती. तिथे स्टुअर्ट अ‍ॅडम्स आणि जॉन निकोल्सन हे दोघे १९५०च्या दशकात संधिवातासाठी अ‍ॅस्पिरिनपेक्षा बरं औषध शोधत होते. संधिवाताच्या रुग्णांना तेव्हा अ‍ॅस्पिरिन दिवसाला मूठभर गोळ्यांच्या हिशेबाने घ्यावं लागे आणि त्यात पोटाचे हाल होत. शेकडो रसायनं तपासून झाल्यावर १९६१ साली या दोघांच्या रेणूच्या पेटंटसाठी अर्ज गेला. १९६९ साली ते ब्रिटनमध्ये ब्रुफेन या नावाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागलं, आणि १९८३ पासून चिठ्ठीशिवाय. मौज अशी की १९६९ साली ते दुकानात आलं तेव्हा ते शरीरात काय करतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अ‍ॅस्पिरिन तर १८९९ पासून विकलं जात होतं, त्याचंही गूढ तसंच होतं. ते उकललं १९७१ साली, लंडनमध्ये, जॉन व्हेन यांच्या प्रयोगांतून. अ‍ॅस्पिरिन आणि त्याची भावंडं शरीरातली प्रोस्टाग्लँडिनं तयार होऊ देत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

प्रोस्टाग्लँडिन म्हणजे पेशींनी आपल्या आसपासच्या पेशींसाठी सोडलेला अल्पजीवी रासायनिक निरोप. पाय मुरगळला, की दुखावलेल्या पेशींच्या पडद्यातून अ‍ॅराकिडॉनिक आम्ल नावाचं एक लांबट मेदाम्ल सुटं होतं. कॉक्स नावाचं एन्झाइम ते पकडतं, त्याला प्राणवायू जोडतं आणि त्यापासून पुढे प्रोस्टाग्लँडिनं बनतात. त्यांच्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते आणि दुखण्याच्या नसा हळव्या होतात. घोट्याला नुसतं बोट लावलं तरी कळ येते ती त्यामुळे. कॉक्स थांबवलं की निरोप थांबतो आणि कळ कमी होते. दुखणं कमी करण्याचा हा मार्ग अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोघांचाही. फरक आहे तो एन्झाइम थांबवण्याच्या पद्धतीत.

ती पद्धत डोळ्यांनी दिसावी इतकी स्पष्ट झाली १९९४ साली. शिकागो विद्यापीठात मायकेल गॅराविटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्याच्या शुक्राशयातून कॉक्स-१ काढलं, त्याचे स्फटिक केले आणि क्ष-किरणांनी त्याची रचना शोधली. स्फटिकातल्या एन्झाइममध्ये फ्लुर्बिप्रोफेन नावाचं औषध बसवलेलं होतं. हेही बूट्समधलंच, आयबुप्रोफेनचं सख्खं भावंड. त्यामुळे औषध नेमकं कुठे जाऊन बसतं हे रचनेतच दिसलं.

या एन्झाइमच्या पोटात एक लांब, अरुंद, तेलकट भिंतींचा बोगदा आहे. तो पेशीच्या पडद्याच्या बाजूला उघडतो, म्हणजे पडद्यातून सुटलेलं अ‍ॅराकिडॉनिक आम्ल थेट आत सरकू शकतं. बोगद्याच्या तोंडापाशी १२० क्रमांकावर आर्जिनिन हा धनभारित घटक आहे. आम्लाचं ऋणभारित टोक त्याला चिकटून राहतं आणि बाकीची कार्बनांची लांब शेपटी वळण घेत आत जाते. बोगद्याच्या आतल्या टोकाशी ३८५ क्रमांकाचं टायरोसिन आहे. प्राणवायू जोडण्याचं खरं काम तिथे सुरू होतं. त्याच्या जरा अलीकडे, भिंतीतून डोकावणारं, ५३० क्रमांकाचं सेरिन. या तीन ठिकाणांवर आपली सगळी गोष्ट उभी आहे.

आयबुप्रोफेनच्या रेणूलाही एक आम्लाचं टोक आहे. तोही बोगद्यात शिरतो, आर्जिनिनला धरून बसतो आणि वाट अडवतो. पण तो एन्झाइमशी पक्का रासायनिक बंध करत नाही. विद्युतभाराची ओढ आणि तेलकट भिंतींशी जवळीक एवढ्यावरच तो टिकतो, सुटतो, पुन्हा बसतो. रिकाम्या झालेल्या जागेत कधी दुसरा आयबुप्रोफेन शिरतो, कधी अ‍ॅराकिडॉनिक आम्ल. कोण जास्त वेळा शिरणार हे आसपास कोणाची गर्दी जास्त यावर ठरतं. गोळी घेतल्यावर साधारण एक-दोन तासांत रक्तातलं आयबुप्रोफेन शिगेला पोहोचतं आणि मग दर दोन तासांनी निम्मं होत जातं. दोन तासांनी अर्धं, चार तासांनी पाव, आठ तासांनी सोळाव्या हिश्शाच्या आसपास. गर्दी ओसरली की बोगदे मोकळे होतात आणि तेच जुनं एन्झाइम, जसंच्या तसं, पुन्हा कामाला लागतं. म्हणून ही गोळी दर सहा-आठ तासांनी घ्यावी लागते.

अ‍ॅस्पिरिन वेगळं वागतं. तेही त्याच बोगद्यात शिरतं, पण आत गेल्यावर त्याचा रेणू तुटतो. त्याचा अ‍ॅसिटिल हा तुकडा सेरिन ५३० ला रासायनिक बंधाने कायमचा जोडला जातो आणि उरलेलं सॅलिसिलेट बाहेर पडतं. अ‍ॅस्पिरिन एन्झाइमला अ‍ॅसिटिल जोडतं हे १९७५ साली अमेरिकेत रॉथ आणि मॅजेरस यांनी दाखवलं. तो तुकडा तसा लहानच, पण बोगदाही अरुंद आहे. कॉक्स-१ मध्ये अ‍ॅराकिडॉनिक आम्लाला मग आत नीट बसताच येत नाही. अ‍ॅस्पिरिन स्वतः रक्तात पंधरा-वीस मिनिटांत निम्मं होतं, तासा-दोन तासांत जवळपास संपतं. पण ज्या एन्झाइमला ते भेटून गेलं ते एन्झाइम कायमचं बाद. पेशीने नवं एन्झाइम घडवलं तरच काम पुन्हा सुरू होणार.

हा फरक सर्वांत ठळक दिसतो तो रक्तातल्या प्लेटलेटमध्ये. प्लेटलेट कॉक्स-१ वापरून थ्रॉम्बॉक्सेन नावाचा पदार्थ बनवतात आणि त्याच्या जोरावर एकमेकींना चिकटून गुठळी करतात. प्लेटलेटला केंद्रक नसतं, म्हणजे नवं एन्झाइम घडवण्याचा कारखानाच नसतो. एकदा अ‍ॅस्पिरिन भेटलं की ती प्लेटलेट उरलेलं आयुष्य, म्हणजे जास्तीत जास्त आठ-दहा दिवस, थ्रॉम्बॉक्सेनशिवाय काढते. रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात, तेवढ्यांना रोजची एक लहान गोळी पुरते. हृदयविकाराच्या रुग्णाला ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिवसातून एकदाच का देतात, आणि आयबुप्रोफेन त्या कामाला का चालत नाही, याचं उत्तर इथे आहे.

आता जठराकडे वळू. जठराच्या पोकळीतला रस किती आंबट असतो? पीएच दीड-दोन. आणि अस्तराच्या पेशींना लागून, चिकट थराच्या खाली? जवळपास सात, म्हणजे न आंबट न अल्कली. पीएचची एक पायरी म्हणजे आम्लतेत दहापटीचा फरक; पाच पायऱ्या म्हणजे एक लाखपट. एवढा फरक मिलिमीटरच्याही अंशाइतक्या जाडीच्या थरात सांभाळला जातो. मांस पचवणारा रस ज्या पिशवीत आहे ती पिशवी स्वतः मांसाचीच आहे आणि तरी पचत नाही, ती या थरामुळे.

हा थर आयता मिळत नाही, तो सतत घडवावा लागतो. पृष्ठभागावरच्या पेशी श्लेष्मा सोडतात, त्याचा दाट थर बसतो. त्याच पेशी त्या थरात बायकार्बोनेट सोडतात, ते खाली झिरपणाऱ्या आम्लाला वाटेतच मारून टाकतं. ही दोन्ही कामं वाढवण्याचा निरोप प्रोस्टाग्लँडिन देतं, मुख्यतः ई-२ या प्रकारचं. आम्ल बनवणाऱ्या पेशींना तेच आवर घालतं. पण माझ्या मते सर्वांत मोलाचं आणि सर्वांत कमी सांगितलं जाणारं काम आहे ते रक्तपुरवठ्याचं. आम्ल पाझरवणारी पेशी एका बाजूने पोकळीत आम्ल सोडते तेव्हा दुसऱ्या बाजूने रक्तात बायकार्बोनेट सोडते. अस्तरातल्या केशवाहिन्या खालच्या ग्रंथींकडून वरच्या पृष्ठभागाकडे जातात, आणि तेच बायकार्बोनेट वरच्या पेशींच्या दारात नेऊन पोचवतात. शिवाय थरातून चुकून आत आलेलं आम्ल रक्त धुऊन नेतं. या वाहिन्या रुंद ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिनांचं. ती कमी झाली की वाहिन्या आकसतात, आणि अस्तराला आम्ल भेटतं ते रक्त कमी असताना.

या राखणीची ताकद किती, हे १९७९ साली अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीत आंद्रे रॉबर्ट यांनी उंदरांवर दाखवलं. उंदरांच्या जठरात त्यांनी शुद्ध अल्कोहोल, तीव्र आम्ल, तीव्र अल्कली, इतकंच काय उकळतं पाणीही सोडलं. अस्तराची चाळण झाली. पण आधी प्रोस्टाग्लँडिन दिलेल्या उंदरांत जखमा झाल्या नाहीत. आणि प्रोस्टाग्लँडिनची मात्रा इतकी कमी होती की तिने आम्ल कमी होण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे राखण नुसती आम्ल घटवून होत नव्हती, अस्तरच कणखर होत होतं.

आता आयबुप्रोफेनची अडचण लक्षात येईल. ते आर्जिनिन १२० ला धरून बसतं. पण हे आर्जिनिन घोट्यातल्या एन्झाइममध्ये आहे आणि जठरातल्याही. रक्तात गेलेलं औषध घोटा ओळखून तिथेच उतरत नाही. ज्या तासांत कळ थांबलेली असते, त्याच तासांत जठराच्या अस्तरातही श्लेष्म्याचे, बायकार्बोनेटचे आणि रक्तपुरवठ्याचे निरोप थांबलेले असतात. शिरेतून दिलेल्या औषधानेही व्रण होतात ते यामुळेच. अन्नाचा उपयोग एवढाच की गोळीचा अस्तराशी थेट संबंध कमी येतो. हे औषध स्वतः सौम्य आम्ल आहे. जठरातल्या आंबट रसात ते भाररहित राहतं, सहज पेशीत शिरतं, आत पीएच सातच्या जवळ असल्याने तिथे त्याला भार येतो आणि मग त्याला सहज बाहेर पडता येत नाही. तेवढी झोंबाझोंबी बिस्किटं कमी करतात. दोन तासांनी रक्तातून येणाऱ्या औषधावर बिस्किटांचा काही इलाज चालत नाही.

मग प्रश्न असा: आयबुप्रोफेन एन्झाइमला सोडून जातं, अ‍ॅस्पिरिन जात नाही, तर जठरासाठी आयबुप्रोफेन अगदी निर्धोक असायला हवं ना? इथे बहुतेकांची गल्लत होते. प्लेटलेटच्या बाबतीत सोडून जाणं आणि न जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण प्लेटलेटला नवं एन्झाइम घडवता येत नाही. जठराच्या अस्तरातल्या पेशींना केंद्रक आहे. अ‍ॅस्पिरिनने बाद केलेलं एन्झाइम त्या नव्याने घडवतात, आणि अस्तराच्या पेशीही काही दिवसांत बदलतात. म्हणजे अ‍ॅस्पिरिनचा कायमपणा जठरात तितका कायम नाही. उलट बाजूने, आयबुप्रोफेनचं सोडून जाणं तेव्हाच उपयोगाचं जेव्हा पुढची गोळी लगेच येत नाही. डोकं दुखलं म्हणून महिन्यातून एखादी ४०० मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर संध्याकाळपर्यंत बोगदे मोकळे होतात, बारीक ओरखडे पडले असलेच तर भरून येतात. गुडघ्यासाठी हीच गोळी सकाळ-दुपार-रात्र महिनाभर चालली, तर प्रत्येक वेळी मोकळे होऊ लागलेले बोगदे पुन्हा भरतात. रेणू येतो-जातो, अस्तराच्या वाट्याला मात्र रोजची टंचाई येते. अर्थात सतत मारा असेल तर अ‍ॅस्पिरिन लहान मात्रेतही जठराला सोडत नाही: १९९९ साली अमेरिकेत निरोगी माणसांवर झालेल्या एका अभ्यासात रोज फक्त १० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनने जठरातली प्रोस्टाग्लँडिनं लक्षणीय घटली होती.

म्हणून मात्रा आणि दिवस या दोन गोष्टी इथे निर्णायक ठरतात. कमी मात्रेत आयबुप्रोफेन या कुटुंबातल्या सौम्य औषधांपैकी मानलं जातं, आणि ते रास्त आहे. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली संधिवातासाठी देतात तशी दिवसाला २४०० मिलिग्रॅमची मात्रा झाली, की हा सौम्यपणा उरत नाही.

या कथेला एक फाटा आहे, तो थोडक्यात सांगतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं की कॉक्स दोन प्रकारचं आहे: कॉक्स-१ बहुतेक ठिकाणी कायम असतं, कॉक्स-२ मुख्यतः सूज आली की वाढतं. आयबुप्रोफेन दोन्ही अडवतं. मग फक्त कॉक्स-२ अडवणारी औषधं आली. त्यांनी पोटाचा त्रास कमी झाला, पण त्यांतलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराचा धोका वाढवतं असं दिसल्यावर २००४ साली बाजारातून काढून घ्यावं लागलं. कॉक्स-१ चांगलं आणि कॉक्स-२ वाईट ही वाटणीही फार टिकली नाही. जन्मतः कॉक्स-१ नसलेल्या उंदरांच्या जठरात आपोआप व्रण होत नाहीत, असं १९९५ साली दिसलं. पुढे उंदरांवरच्याच प्रयोगांत कळलं की दोन्ही एकदम अडवली तर इजा ठळक होते. व्रण भरून यायलाही कॉक्स-२ लागतं. आयबुप्रोफेन नेमकं दोन्हींवर हात टाकतं.

आता दोन्ही औषधं एकाच शरीरात आली तर काय होतं ते पाहू. सोडून जाण्याचा आणि न जाण्याचा फरक इथे जिवावर बेतू शकतो. समजा, अडुसष्ट वर्षांचे एक काका आहेत. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चालू. गुडघे झिजलेले. सकाळी साडेसहाला उठताना गुडघे आखडलेले असतात म्हणून ते चहाबरोबर ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घेतात. नाश्ता साडेआठला, आणि त्यानंतर हृदयाची गोळी. सगळं शिस्तीत, एकही दिवस चुकवत नाहीत.

साडेआठ वाजता काकांच्या प्लेटलेटमधल्या बहुतेक बोगद्यांत आयबुप्रोफेन बसलेलं आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून कोणी जागा धरावी आणि तिकीट घेऊन आलेल्याने उभं राहावं, तसं अ‍ॅस्पिरिनचं होतं. सेरिन ५३० पर्यंत पोहोचायची वाटच बंद. आणि अ‍ॅस्पिरिनकडे थांबायला वेळ नसतो; रक्तात थोड्याच वेळात त्याचं सॅलिसिलेट होऊन जातं आणि सॅलिसिलेटला तो अ‍ॅसिटिल तुकडा नसतो. दुपारी दोन-तीनपर्यंत आयबुप्रोफेन ओसरतं, बोगदे मोकळे होतात, आणि प्लेटलेट शाबूत एन्झाइमसह पुन्हा चिकटायला तयार. काकांनी गोळी घेतली खरी, पण ती घेतल्यासारखी झालीच नाही. स्टेंट असलेल्या माणसाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही.

हे कागदावरचं गणित नाही. २००१ साली अमेरिकेत गॅरेट फिट्झजेरल्ड यांच्या गटाने माणसांवर हे तपासलं. आधी अ‍ॅस्पिरिन आणि दोन तासांनी आयबुप्रोफेनची एक मात्रा, असं दिलं तर प्लेटलेटवरचा परिणाम टिकला. क्रम उलटा केला की तो गेला. आणि आयबुप्रोफेन दिवसातून तीनदा दिलं, तर अ‍ॅस्पिरिन आधी घेऊनही उपयोग झाला नाही, कारण रात्रीच्या मात्रेचे रेणू दुसऱ्या सकाळी वाट अडवून बसलेले होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली यावर सूचना काढली: साधं अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर किमान अर्ध्या तासाने आयबुप्रोफेन घ्यावं, किंवा आयबुप्रोफेन घेऊन आठ तासांहून जास्त वेळ गेल्यावर अ‍ॅस्पिरिन. क्वचित कधी एखादी गोळी झाली तर धोका फारसा नाही, असंही त्यात म्हटलं होतं.

पण इथे एक मेख आहे. हा अर्ध्या तासाचा हिशेब जठरात लगेच विरघळणाऱ्या अ‍ॅस्पिरिनचा. आपल्याकडे हृदयरोग्यांना मिळणाऱ्या कमी मात्रेच्या गोळ्यांवर बहुधा आवरण असतं, त्या आतड्यात गेल्यावर सावकाश विरघळतात. पट्टीवर 'एन्टेरिक कोटेड' किंवा 'गॅस्ट्रो-रेझिस्टंट' असं लिहिलेलं असतं, ते वाचून कळतं. अशा गोळीला अर्ध्या तासाचा नियम लागू पडत नाही, कारण तोवर ती पोहोचलेलीच नसते. या आवरणाने झोंबणं कमी होतं, रक्तातून होणारी प्रोस्टाग्लँडिनांची घट नाही. त्यामुळे 'माझी गोळी आवरणाची आहे, पोटाला काही होत नाही' हे समाधानही खरं नव्हे.

काकांच्या जठराचं काय? अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला आयबुप्रोफेनसारखं औषध असेल तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका एकेकट्या औषधापेक्षा जास्त असतो. वय पासष्टच्या पुढे, आधी कधी अल्सर झालेला, जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, सोबत स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध, यांतलं जे जे असेल ते भर घालतं. आणि घात असा की हे व्रण बरेचदा दुखत नाहीत. दुखणं दाबणारी गोळी तर पोटात आहेच. वयस्क माणसात पहिली खूण म्हणून थेट रक्तस्रावच दिसतो: डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उठताना चक्कर. कधी तेवढंही नाही. नुसता थकवा, जिना चढताना धाप, आणि तपासलं तर हिमोग्लोबिन उतरलेलं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते.

डॉक्टर अशा वेळी आम्ल घटवणारी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखी गोळी जोडून देतात. तिचा उपयोग नक्की होतो. पण ती नेमकं काय करते हे समजून घ्यावं: ती प्रोस्टाग्लँडिनं परत आणत नाही, अस्तरावरचं आम्ल तेवढं कमी करते. जठर आणि त्याच्या लगतचं आतडं यांत इजा मुख्यतः आम्लामुळे वाढते, म्हणून तिथे हे पुरतं. पुढच्या लहान आतड्यात आम्लाचा प्रश्नच नसतो, तिथली इजा या गोळीने टळत नाही. हरवलेलं प्रोस्टाग्लँडिनच भरून देणारं औषधही आहे: मिसोप्रोस्टॉल, अमेरिकेत १९८८ पासून याच कामासाठी मान्य. पण त्याने जुलाब होतात, आणि ते गर्भाशयाचं आकुंचन घडवत असल्याने गर्भवतीला देता येत नाही. म्हणून ते मागे पडलं.

काकांसाठी सरळ उपाय म्हणजे गुडघ्याचं औषध बदलणं. पॅरासिटामॉल जठरातल्या कॉक्सवर फारसा हात टाकत नाही. त्याची काळजी यकृताच्या बाजूने, मात्रा सांभाळून घ्यायची. सूज उतरवणारं मलम वरून लावलं तर रक्तात जाणारं औषध खूपच कमी असतं. मात्र कॉम्बिफ्लॅमला नुसती तापाची गोळी समजू नये. तिच्या एका गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलबरोबर ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं. पावसाळ्यात डेंगीची साथ असते तेव्हा तर ताप कशाचा हे कळेपर्यंत तिला हात लावू नये. डेंगीत प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात. उरलेल्यांचं काम अडवायचं आणि जठराचं अस्तरही उघडं पाडायचं, हे दोन्ही ती एकाच वेळी करते.

घरात कोणाला अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर केमिस्टकडे दुखण्याची गोळी मागताना ते आधी सांगा. गुडघ्यासाठी रोज आयबुप्रोफेन चालू असेल तर पुढच्या भेटीत हृदयाच्या डॉक्टरांना दोन्ही गोळ्यांच्या पट्ट्या आणि त्या घेण्याच्या वेळा दाखवा. मात्र त्यांना विचारल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. आणि शौच डांबरासारखी दिसली तर दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, त्याच रात्री दवाखान्यात जा.